थर्मल आणि जर्किन ऑनलाइन घेताना: आधी लेबल, मग वजन, शेवटी रिव्ह्यू

आपल्याकडे नाशिकला थंडीचे कपडे ऑनलाइन घेताना पहिली चूक कॅलेंडरची होते. सेल लागतो दसरा-दिवाळीत. पार्सल हातात येतं तेव्हा ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला असतो, थर्मल अंगात घालून बघायची कुणाला इच्छा होणार? पिशवी तशीच कपाटात जाते. डिसेंबर अर्धा सरतो, निफाडचा पारा एक आकडी झाल्याची बातमी पेपरात येते आणि मग पिशवी फुटते. तोवर परत करण्याची मुदत संपून दोन महिने झालेले असतात.

माझंही हेच झालं. माझा दादा पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतो. कडाक्याच्या थंडीत पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं, हे त्याचं दरवर्षीचं काम. त्याच्यासाठी मी थर्मलचे दोन जोड मागवले. पानावर लिहिलं होतं ‘वूल ब्लेंड, २४० जीएसएम, कडाक्याच्या थंडीसाठी’. डिसेंबरात त्याने ते घातलं आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, “अगं, हे तर लांब बाह्यांचं बनियन आहे.” मी उरलेला जोड उघडला, वरचा भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १५२ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे आपण त्याचाच हिशेब करणार आहोत.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक जण रिव्ह्यूपासून सुरुवात करतात. साडेचार तारे दिसले की मन तयार होतं, आणि मग लेबल वाचलं तरी ते डोळ्यांत शिरत नाही.

## पायरी १: मोबाइल हातात घेण्याआधीची तयारी

तीन गोष्टी जवळ हव्यात. एक, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दोन, शिंप्याची टेप. तीन, घरातला असा एक थर्मल किंवा स्वेटर जो खरोखर ऊब देतो हे तुम्हाला वापरून माहीत आहे. हा जुना कपडा म्हणजे तुमचं माप. तो काट्यावर ठेवा, वजन लिहा. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा आणि कापड काय आहे तेही लिहा.

घरात असं काही नसेल तर शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात एक चक्कर मारा. घ्यायलाच हवं असं नाही. लोकरीचा स्वेटर आणि अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर एकामागून एक हातात धरून बघा. मुठीत दाबून सोडा, गालाला लावा. स्क्रीनवर कितीही झूम केलं तरी जे कळत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं, आणि पुढे पार्सल उघडल्यावर हाताला तुलना करायला काहीतरी असतं.

मग ठरवा की कपडा कशासाठी हवाय. सकाळच्या शिफ्टला सातपूर किंवा अंबडला बाइकवर जाणाऱ्याला वाऱ्याने सगळ्यात जास्त त्रास होतो, त्याचा पैसा जर्किनमध्ये जायला हवा. दादासारखं पहाटे अंगमेहनतीचं काम असेल तर घाम येणार. तिथे जाड सुती थर्मल घात करतं, कारण सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं आणि काम थांबलं की अंगावर गार पडतं. घरात बसणाऱ्या आजीला तेच सुती थर्मल छान चालतं, टोचत नाही आणि अंगाला खाजही येत नाही.

आधी हे बघा: पानावर परत करण्याची अट कुठे आहे ती शोधा. बऱ्याच ठिकाणी थर्मल आतल्या कपड्यांमध्ये धरतात आणि ‘परत नाही’ किंवा ‘फक्त बदलून’ असं लिहिलेलं असतं. त्याच किमतीत परत घेणारा दुसरा विक्रेता असेल तर त्याच्याकडून घ्या. मुदत सात दिवसांची असेल तर त्या सात दिवसांत तुम्ही नाशिकमध्ये आहात ना, हेही बघा. दिवाळीला गावी जाणार असाल तर पार्सल शेजारी पडून राहतं आणि मुदत निघून जाते.

## पायरी २: लेबल, आणि तेही फोटोतलं

पानावर कापडाची माहिती तीन ठिकाणी असते: मथळ्यात, खालच्या तक्त्यात आणि शिवणीवरच्या लेबलच्या फोटोत. मथळा जाहिरात असते, तो सोडून द्या. तक्ता विक्रेता स्वतः भरतो. शिवणीवरचं लेबल कारखान्यात लागतं, म्हणून भरवसा त्याच्यावर ठेवा. विक्रेत्याने लेबलचा फोटो दिला नसेल तर रिव्ह्यूमध्ये ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत तो शोधा. कुणीतरी कॉलर उलटी करून फोटो काढलेला असतोच.

लेबलवर धाग्यांची नावं आणि त्यांची टक्केवारी हवी. ‘प्रीमियम फॅब्रिक’, ‘सॉफ्ट वुलन’, ‘हीट टेक्नॉलॉजी’ ही कुठल्याच धाग्याची नावं नाहीत. टक्के नाहीत म्हणजे माहिती नाही, असं समजून पुढच्या पानावर जा.

सगळ्यात जास्त फसवणूक लोकरीच्या नावाने होते. ‘अ‍ॅक्रिलिक वूल’ म्हणजे अ‍ॅक्रिलिक, त्यात मेंढीचा एक केसही नसतो. दुकानदार ज्याला कॅशमिलॉन म्हणतात तेही अ‍ॅक्रिलिकच. ‘मेरिनो फील’, ‘पश्मिना टच’, ‘वूल लाइक’ या शब्दांतला दुसरा शब्द नीट वाचा, तो खरं सांगतो. ‘वूल ब्लेंड’ तर अगदी सोयीचा शब्द आहे. पाच टक्के लोकर असली तरी ब्लेंडच, आणि पन्नास टक्के असली तरी ब्लेंडच. मी इथेच फसले. घरी आलेल्या थर्मलच्या आतल्या लेबलवर लिहिलं होतं: ९५ टक्के पॉलिएस्टर, ५ टक्के स्पॅन्डेक्स. लोकर कुठेच नव्हती.

पॉलिएस्टर म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. आतून ब्रश करून लव काढलेलं चांगलं पॉलिएस्टर थर्मल हलकं असतं, लवकर वाळतं, आणि घाम येणाऱ्याला सुतीपेक्षा सोयीचं पडतं. तक्रार कापडाबद्दल नाही. पॉलिएस्टर लोकरीच्या नावाने आणि लोकरीच्या भावाने विकलं, याबद्दल आहे. लेबल, मथळा आणि तक्ता या तिन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असेल तर पुढे जा. तिन्हींत तीन गोष्टी असतील तर तिथेच थांबा.

ब्रँडेड माल खरा आहे का हे बघायचं असेल तर टॅगवरचा स्टाइल नंबर शोधा. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाका. तोच कपडा, तोच रंग आला पाहिजे. नंबरच नाही, किंवा तो नंबर भलत्याच कपड्याचा निघाला, तर माल नकली असण्याची दाट शक्यता. विक्रेत्याच्या नावाखाली उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, ग्राहक सेवेचा नंबर आणि ‘Country of Origin’ हेही दिसायला हवं. पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव असेल तर उद्या तक्रार कुणाकडे करणार?

सावध: ‘एमआरपी २,९९९, आता फक्त ४४९’ यावरून दर्जा कळत नाही. एमआरपी किती छापायची हे कंपनीच ठरवते. तुलना करायची तर सवलतीनंतरच्या किमतींची करा.

## पायरी ३: वजन, म्हणजे खरा हिशेब

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. मला विचाराल तर सगळ्यात भरवशाची हीच आहे. शब्द फिरवता येतात, फोटो उजळ करता येतात, पण काट्यावर ठेवलेल्या कपड्याचं वजन कुणाला वाढवता येत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. विक्रेते २२०, २४०, २८० असे आकडे बिनधास्त टाकतात, कारण कुणी मोजत नाही. मोजायला पाच मिनिटं लागतात. दादाच्या त्या थर्मलवर मी केलेला हिशेब असा.

कपडा पलंगावर न ताणता सपाट पसरला. काखेखाली छातीची रुंदी ४६ सेंटिमीटर. खांद्यापासून खालपर्यंत लांबी ६९. पुढचा आणि मागचा भाग धरून ४६ गुणिले ६९ गुणिले २, म्हणजे ६,३४८ चौरस सेंटिमीटर.

मग बाही. लांबी ५८. काखेजवळ रुंद, मनगटाजवळ अरुंद, म्हणून मधली रुंदी धरली: १३. बाहीलाही दोन बाजू असतात, म्हणून एका बाहीचं कापड १३ गुणिले २ गुणिले ५८, म्हणजे १,५०८. दोन बाह्यांचं ३,०१६.

एकूण ९,३६४ चौरस सेंटिमीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, तेव्हा आपलं कापड ०.९४ चौरस मीटर. वजन १५२ ग्रॅम. १५२ भागिले ०.९४, उत्तर १६२ जीएसएम.

दावा होता २४०. खरोखर २४० असतं तर याच मापाच्या कपड्याचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवं होतं. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कापड गायब.

गळ्याच्या जागी कापड नसतं आणि शिवणीत थोडं दुमडलेलं असतं, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल, त्यावरून भांडू नका. तिसरा हिस्सा कमी निघाला तर मात्र शंकेला जागा नाही.

या हिशेबातून एक सोपा नियम हाती येतो. पुरुषांच्या एल मापाच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पूर्ण बाह्यांच्या थर्मलला साधारण एक चौरस मीटर कापड लागतं. म्हणून त्या मापात वरच्या भागाचं वजन जितके ग्रॅम, तितकंच साधारण जीएसएम. लहान मापात कपड्याचं वजन त्याहून थोडं कमी भरेल, मोठ्या मापात थोडं जास्त. एवढं डोक्यात असलं की पान वाचतानाच खोटं पकडता येतं.

आता खरेदीच्या वेळी काय करायचं? पानावर ‘Item Weight’ असा रकाना असेल तर बघा, पण दोन खबरदाऱ्या घ्या. एक, तिथे बऱ्याचदा खोक्यासकट वजन असतं, किंवा वर-खाली दोन्ही मिळून जोडाचं. दोन, काही विक्रेते सगळ्या कपड्यांना ५०० ग्रॅम किंवा १ किलो असा गोल आकडा टाकून मोकळे होतात. एस मापालाही ५०० आणि डबल एक्सएललाही ५०० दिसलं की तो रकाना नुसता भरलाय हे समजावं. पण ‘२४० जीएसएम’ आणि ‘वरचा भाग १६० ग्रॅम’ हे दोन्ही एकाच पानावर दिसलं तर विक्रेत्याने स्वतःच कबुली दिली आहे. वजन कुठेच नसेल तर प्रश्न विचारण्याची जागा असते, तिथे विचारा: “एल मापाच्या फक्त वरच्या भागाचं पाकिटाशिवाय वजन किती ग्रॅम?” प्रश्न असा नेमका विचारला की गोलमोल उत्तर देणं अवघड जातं. उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

इथे गल्लत होते: जड म्हणजे गरम, असं नाही. जीएसएम फक्त कापड किती आहे ते सांगतं. ऊब मिळते ती कापडात अडकून राहिलेल्या हवेमुळे. आतून लव असलेलं १८० जीएसएम कापड सपाट विणीच्या २०० जीएसएम सुती कापडापेक्षा जास्त ऊब देऊ शकतं. चांगल्या कंपन्यांचे मुद्दाम पातळ केलेले थर्मलही असतात, आणि ते पातळ आहेत हे त्या लिहितात. तुम्हाला शोधायची आहे ती दावा आणि वजन यांतली फट.

## पायरी ४: रिव्ह्यू, पण महिना बघून

आता रिव्ह्यू उघडा. सरासरी तारे बाजूला ठेवा. ऑक्टोबरमधले बहुतेक पंचतारांकित रिव्ह्यू पार्सल आल्याच्या दिवशी लिहिलेले असतात: ‘छान पॅकिंग’, ‘वेळेत डिलिव्हरी’, ‘कापड मऊ’. मऊ तर सगळंच नवं कापड असतं. ब्रश केलेलं स्वस्त पॉलिएस्टर पहिल्या दिवशी सशासारखं लागतं, आणि पाच-सहा धुण्यांत त्याच्यावर गोळे येतात.

म्हणून रिव्ह्यू तारखेनुसार लावा आणि गेल्या हिवाळ्यातले जानेवारी ते मार्चमधले वाचा. ते लिहिणाऱ्यांनी कपडा थंडीत घातलेला असतो, धुतलेला असतो. ते दहा रिव्ह्यू ऑक्टोबरच्या पाचशेंपेक्षा मोलाचे. गेल्या हिवाळ्यातला एकही रिव्ह्यू नसेल तर माल नवा आहे किंवा पान नवं आहे. तेव्हा एकच नग मागवा, घरभर पाच नाही.

रिव्ह्यूमध्ये शोधायची सोय असेल तर `thin`, `patla`, `transparent`, `garam nahi` असे शब्द टाकून बघा. आपल्याकडे लोक हिंदी-मराठी रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे इंग्रजी शब्द शोधून निम्मीच तक्रार सापडते. मग दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. एक तारा देणारा बऱ्याचदा कुरिअरवर चिडलेला असतो. तीन तारे देणारा मात्र काय बरं आणि काय वाईट हे सांगतो: “माप बरोबर, पण काखेत शिवण उसवली”, “बाइकवर थंडी लागते”.

लिहिणारा कुठला आहे हेही कळलं तर बघा. मुंबईचा माणूस ‘खूप गरम’ म्हणतो, त्याचा आपल्याला उपयोग नाही. दिल्लीचा माणूस ‘जानेवारीत एकट्याने पुरत नाही, वर स्वेटर लागतो’ म्हणत असेल, तर तो कपडा नाशिकला बहुधा चालेल.

खोटे रिव्ह्यू ओळखायची माझी एक खूण आहे. तीन-चार दिवसांत ढिगाने आलेले, त्याच त्या शब्दांतले, आणि कपड्याची एकही खरी बारीक गोष्ट नसलेले रिव्ह्यू. खरा ग्राहक काहीतरी ठोस सांगतोच: गळा घट्ट आहे, वडिलांना एक्सएल लागला, काळ्या रंगावर लव दिसते. आणखी एक प्रकार असतो. पान जुनं, हजारो रिव्ह्यू, पण ते भलत्याच वस्तूचे. थर्मलच्या पानावर ‘चार्जर छान चालतो’ असा रिव्ह्यू दिसला की जुन्या पानावर नवा माल चढवलाय हे उघड आहे. प्रत्येक रिव्ह्यूखाली रंग आणि माप लिहिलेलं असेल तर तेही वाचा, कारण कधीकधी एकाच पानावर पातळ आणि जाड असे दोन प्रकार असतात आणि तारे दोघांचे मिळून दिसतात.

तपासा: ग्राहकांच्या फोटोंतली शिवण, गळ्याची पट्टी आणि लेबल विक्रेत्याच्या फोटोंशी जुळतात का? लोगो वेगळ्या जागी, मनगटाची पट्टी वेगळ्या रुंदीची, असा फरक दिसला तर मागवू नका.

## पायरी ५: जर्किनचं गणित वेगळं

थर्मलचा वजनाचा नियम जर्किनला जसाच्या तसा लावू नका. फुगीर जर्किनमध्ये आत काय भरलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. पॉलिएस्टरचा भराव असलेलं, टोपीचं, पूर्ण बाह्यांचं, खरंच जाड जर्किन एल मापात साधारण सहाशे ते नऊशे ग्रॅमपर्यंत भरतं. ‘एक्स्ट्रा जाड’ म्हणून दाखवलेलं तसं जर्किन साडेतीनशे ग्रॅमचं निघालं तर आत भराव नावालाच आहे. उलट बदकाच्या पिसांचं, म्हणजे डाउनचं, जर्किन तीनशे ग्रॅमचं असूनही उत्तम असू शकतं. म्हणून इथेही आधी लेबल. त्यावर बाहेरचं कापड, अस्तर आणि भराव या तिन्हींची नावं वेगवेगळी हवीत. ‘डाउन जॅकेट’ असं मथळ्यात आणि भरावाच्या ओळीत १०० टक्के पॉलिएस्टर असेल, तर ते डाउन नव्हे. सातशे-आठशे रुपयांत खरं डाउन मिळेल, ही आशाच सोडा.

‘उणे १० अंशांपर्यंत चालेल’ अशा वाक्यांकडे दुर्लक्ष करा. कुठल्या पद्धतीने तपासलं हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा कुणीही टाकू शकतो.

बाइकवाल्यांनी पानावरच्या फोटोत तीन जागा बघाव्यात: चेनच्या आत वारा अडवणारी कापडाची पट्टी आहे का, मनगटाला इलास्टिक किंवा वेल्क्रो आहे का, आणि गळा हनुवटीपर्यंत बंद होतो का. मुंबई-आग्रा रोडवर सकाळी सहाला वारा याच तीन जागांतून आत शिरतो. यांतली एकही नसेल तर कितीही भराव असून उपयोग नाही.

## पायरी ६: पार्सल आलं, त्याच दिवशी

पार्सल कपाटात ठेवू नका. बाहेर ऊन असलं तरी उघडायचंच. थंडी नसताना कपडा तपासता येत नाही, असं वाटतं खरं, पण खालच्या सगळ्या चाचण्या मे महिन्यातही होतात.

सील न फोडता मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. आधी वरचं लेबल, मग फोडणं, मग कपडा काट्यावर, आकडा स्पष्ट दिसेल असा, आणि शेवटी आतलं शिवणीवरचं लेबल. सगळं एकाच सलग व्हिडिओत, मध्ये न थांबवता. टॅग काढायचा नाही, धुवायचं नाही, अत्तर लावलेल्या अंगावर घालायचं नाही.

मग हाताने बघा. कापड छातीच्या ठिकाणी अंगात घातल्यावर ताणेल तेवढं ताणा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. बारीक सारखी जाळी दिसणं ठीक आहे. मागची बोटं एकेक मोजता आली तर कापड विरळ आहे. मग स्पॅन्डेक्स तपासा: टेपवर दहा सेंटिमीटर कापड धरून तेरापर्यंत ताणा, थोडं थांबा, सोडा. मिनिटाभरात पुन्हा दहाच्या जवळ यायला हवं. साडेअकरावर लोंबकळत राहिलं तर एका महिन्यात कोपर आणि गुडघे फुगणार. शेवटी आतली लव काळ्या कापडावर दहा-बारा वेळा घासा. भरपूर पांढरी लव निघाली तर ऊब देणारी गोष्टच धुण्यात वाहून जाणार.

जर्किनला बाहेरचं कापड तोंडाला घट्ट लावून फुंका. दुसऱ्या बाजूला तळहातावर वारा सहज लागला तर बाइकवरही लागेल. मग शिवणीच्या दोन ओळींमधला भराव चिमटीत धरत सगळीकडे फिरा, खांदे आणि बाह्यांचा वरचा भाग खास करून. काही कप्प्यांत बोटांना दोन कापडंच लागली तर भराव कमी घातलाय. मुठीत दाबून सोडल्यावर जर्किन परत फुगायला हवं.

जाळून बघण्याबद्दल: लोकरीचा दावा असेल तरच करा, आणि कपडा कापून करू नका. शिवणीत सोडलेल्या मायेतून कापडाचाच एक धागा ओढा. शिवणीचा दोरा घेऊ नका, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो आणि चाचणी फसते. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, खिडकीजवळ पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की आपसूक विझते आणि राख बोटांत चुरते. सुती धागा कागदासारखा जळून करडी मऊ राख होते. पॉलिएस्टर आणि अ‍ॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी उरतो. चुरणारी राख आणि कडक मणी दोन्ही मिळालं तर धागे मिसळलेले आहेत. त्यांचं प्रमाण किती, हे मात्र या चाचणीने कळत नाही.

## पायरी ७: खोटं निघालं तर

‘आवडलं नाही’ किंवा ‘मापात बसत नाही’ हे कारण निवडू नका. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे निवडा आणि आकड्यात लिहा: “पानावर २४० जीएसएम व वूल ब्लेंड. प्रत्यक्ष वजन १५२ ग्रॅम, मापानुसार सुमारे १६२ जीएसएम. शिवणीवरच्या लेबलवर लोकर नाही.” सोबत व्हिडिओ, मोजमापाचा फोटो आणि पानाचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट ऑर्डर देण्याच्या दिवशीच काढून ठेवा, कारण विक्रेता नंतर मजकूर बदलू शकतो.

पानावर ‘परत नाही’ लिहिलं असलं तरी घाबरू नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क प्लॅटफॉर्मवर असायलाच हवा. बहुतेक लोक ग्राहक सेवेच्या चॅटवर भांडत राहतात आणि या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

तिथेही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. फोन करताना ऑर्डर क्रमांक, आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि दोन्हींच्या तारखा समोर ठेवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही, आणि अर्ज e-jagriti.gov.in वरून घरबसल्या करता येतो.

दादाच्या पहिल्या दोन जोडांचे पैसे बुडाले, कारण माझ्याकडे ना व्हिडिओ होता ना मुदत उरली होती. पुढच्या वर्षी मी ‘२०० जीएसएम’ लिहिलेला एक जोड मागवला आणि पार्सल आलं त्याच संध्याकाळी काट्यावर ठेवला. वरचा भाग १९१ ग्रॅम भरला, माप साधारण पहिल्याइतकंच. टॅग कापून दुसऱ्या दिवशी पिंपळगावच्या बसने पाठवून दिला.